शिडीचा प्रॉब्लेम आणि झाकून ठेवलेलं सोल्युशन

"सर, मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे, मेकॅनिकल, आणि क्लासची सीआर आहे. पुढच्या आठवड्यात फर्स्ट इयरच्या मुलांशी दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. मला एकच गोष्ट सांगायचीय, की कुठलंही सोल्युशन बघायच्या आधी प्रॉब्लेमशी स्वतः झगडा. पण मी स्वतः फर्स्ट इयरला मेकॅनिक्सचे सगळे प्रॉब्लेम सोल्युशन वाचूनच 'केले' होते आणि मला केटी लागली, मग कुठल्या तोंडाने सांगू? शिवाय मुलं म्हणतात ताई, एवढे विषय, त्यात सबमिशन, एका प्रॉब्लेमवर तासभर घालवायला वेळ कुणाकडे आहे, आणि पेपरला तर तेच तेच टाइप येतात. ते अगदीच चुकीचं बोलतात असंही मला वाटत नाही. आणि त्यांच्या ग्रुपवर सोल्व्ह्ड फाइल्स टाकणारी पण मीच आहे. काय बोलू?"

केटीपासूनच सुरुवात कर. तुला वाटतंय केटी लागलेल्या मुलीने हे सांगू नये, मला उलट वाटतं, त्या वर्गात हे सांगायचा हक्क सगळ्यात जास्त तुलाच आहे, कारण दोन्ही रस्ते तू चालून आलीयस. टॉपरने सांगितलं की मुलं म्हणतात त्याचं डोकंच वेगळं, आणि विषय तिथेच संपतो.

पण बोलायच्या आधी एक काम कर, पहिल्या वेळी पेपरमध्ये तू नेमकी कुठे अडकलीस ते आठवून कागदावर लिही. 'पेपर अवघड होता' असं नको, कुठल्या प्रश्नाला, कुठल्या ओळीला पेन थांबलं ते. मी एकवीस वर्षं मेकॅनिक्स शिकवतोय आणि नापास झालेले पेपर तपासताना एक गोष्ट परत परत दिसते. समीकरणं बरोबर लिहिलेली असतात, ΣFx = 0, ΣFy = 0, ΣM = 0, अगदी सुबक अक्षरात, आणि त्यांच्या वर जे चित्र हवं, सगळी बलं बाणांनी दाखवणारा फ्री बॉडी डायग्राम म्हणजे एफबीडी, ते एकतर नसतंच नाहीतर त्यात एक बल गायब असतं. समीकरणं सोल्युशनमध्ये डोळ्यांना दिसतात म्हणून लक्षात राहतात, पण कुठे कुठलं बल आहे, कुठल्या दिशेला आहे, मोमेंट, म्हणजे बलाचा फिरवायचा जोर, कुठल्या बिंदूभोवती घ्यायचा, हे सगळे निर्णय सोल्युशन लिहिणाऱ्याने आधीच घेऊन टाकलेले असतात आणि ते कागदावर कुठेच दिसत नाहीत. वाचणाऱ्याच्या हातात फक्त निकाल येतो. तुझंही बहुतेक असंच काहीतरी झालं असणार, नसेल तर जे झालं ते सांग, पण सांगताना नेमकं सांग.

आणि माझा आग्रह आहे की दहातली चार मिनिटं तू बोलूच नकोस, त्यांना एक प्रॉब्लेम दे. शिडीचा दे, फ्रिक्शनच्या चॅप्टरमध्ये तो प्रत्येकाला भेटतोच. ५ मीटरची शिडी, भिंतीला टेकवलेली, पाय भिंतीपासून ३ मीटरवर, म्हणजे वरचं टोक ४ मीटर उंचीवर. शिडीचं वजन २०० न्यूटन, मधोमध. भिंत गुळगुळीत, जमीन खरबरीत, घर्षणाचा गुणांक ०.४. शिडीवर कुणीही चढलेलं नाही, ती स्थिर उभी आहे. प्रश्न एवढाच की जमिनीवरचं घर्षण बल किती?

वर्गातले बरेच हात ८० म्हणतील, लिहून घे. जमिनीची रिअ‍ॅक्शन २००, गुणिले ०.४, झाले ८०. सोल्युशन वाचून तयार झालेल्या मुलाच्या डोक्यात F = μN इतकं घट्ट बसलेलं असतं की फ्रिक्शन शब्द दिसला की हात आपोआप तिकडे जातो. आता जो मुलगा खरंच एफबीडी काढून बसलाय त्याचं काय होतं बघ. तो खालच्या पायाभोवती मोमेंट घेतो, भिंतीची रिअ‍ॅक्शन R आडवी, ४ मीटर उंचीवर, शिडीचं वजन पायापासून आडवं १.५ मीटरवर, म्हणजे ४R = २०० × १.५, R आलं ७५. आडवी बलं दोनच आहेत, भिंत शिडीला बाहेर ढकलते आणि जमिनीचं घर्षण तिला आत धरून ठेवतं, म्हणजे घर्षणही ७५च यायला हवं. पण μN तर ८० सांगतंय. दोन उत्तरं समोर आली.

इथे तो अडकतो, आणि तू ज्याला झगडणं म्हणतेस ते मला विचारशील तर या जागेवरचं झगडणं आहे. तो आधी आकडेमोड तपासतो, बरोबर निघते. मग १.५ तपासतो, २.५ घ्यायला हवं होतं का, शिडीची अर्धी लांबी? नाही, मोमेंटला वजनाचं आडवं अंतर लागतं, १.५च बरोबर. मग त्याच्या मनात येतं की घर्षण खरोखर ८० असतं तर ७५च्या विरुद्ध ५ न्यूटन शिल्लक राहिले असते आणि शिडीचा पाय आपोआप भिंतीकडे सरकायला लागला असता, कुणीही हात न लावता, आणि असं होत नाही हे तर त्याला लहानपणापासून माहितीय. मग ८० म्हणजे नेमकं काय? ८० म्हणजे जमीन जास्तीत जास्त किती देऊ शकते ती मर्यादा, आणि ७५ म्हणजे आत्ता शिडीला लागतंय तेवढं. घर्षण गरजेपुरतंच येतं, आणि मर्यादेला पोचतं फक्त घसरायच्या क्षणी, ज्याला पुस्तकात इम्पेंडिंग मोशन म्हणतात.

हे वाक्य प्रत्येक पुस्तकात आहे, आम्ही प्रत्येक वर्षी फळ्यावर लिहितो, मुलं वहीत उतरवून घेतात आणि पेपरमध्ये परत ८० लिहितात. ज्याने वीस मिनिटं ७५ आणि ८० समोर ठेवून डोकं खाजवलंय तो मात्र माझ्या अनुभवात परत कधी ८० लिहीत नाही. म्हणून मी म्हणतो, प्रयत्न करा असं नुसतं सांगू नकोस, ही जागा त्यांना दाखव.

आता तुझ्या एका शब्दाबद्दल बोलतो, 'कुठलंही' सोल्युशन. इथे मी तुझ्याशी पूर्ण सहमत नाही. ज्या मुलाने मोमेंट म्हणजे काय हे काल पहिल्यांदा ऐकलंय त्याला कोऱ्या कागदासमोर बसवून झगड म्हणण्यात अर्थ नाही, त्याच्याकडे झगडायला काही साधनच नाहीये. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ साली ऑस्ट्रेलियातल्या मुलांवर बीजगणितात हेच तपासलं होतं, नवशिक्यांना सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली तर नुसतीच उदाहरणं सोडवत बसणाऱ्यांपेक्षा ती मुलं कमी वेळात शिकली आणि तशाच नवीन उदाहरणांत चुकाही कमी केल्या. कारण नवशिका जेव्हा अंदाजपंचे हात मारत असतो तेव्हा त्याचं सगळं लक्ष उत्तर गाठण्यात अडकतं, पद्धत शिकायला डोक्यात जागाच उरत नाही. पण पुढे असंही दिसून आलं की जसजसा मुलगा तयार होतो तसतसा तयार उदाहरणांचा हा फायदा कमी होत जातो, आणि एका टप्प्यानंतर स्वतः सोडवणंच जास्त कामाचं ठरतं.

म्हणजे नवीन चॅप्टर उघडला की पुस्तकातलं पहिलं सोडवलेलं उदाहरण, फार तर दुसरं, नीट वाचायचं, ते सोल्युशनच आहे आणि ते वाचण्यात काही पाप नाही. तिसऱ्यापासून पुस्तक झाकायचं. तुझ्या ज्युनियर्सना हे असं मोकळेपणाने सांगितलंस तर त्यांच्यातला जो खरंच घाबरलेला आहे, बारावीला फिजिक्स कसंबसं काढून आलेला, तो तुझं ऐकेल. 'कुठलंही सोल्युशन नको' म्हणालीस तर तो दोन दिवस करून बघेल, काहीच येत नाही म्हणून रडकुंडीला येईल आणि तिसऱ्या दिवशी फाइल उघडेल, आणि वर आपण चोरी करतोय असं त्याला वाटत राहील ते वेगळंच.

वेळेचा मुद्दा मुलांचा खरा आहे. सकाळी साडेनऊ ते पाच कॉलेज, मग जर्नल, ड्रॉइंग शीट, येण्याजाण्यात दीड तास, त्यात एका प्रॉब्लेमला तासभर द्या म्हणणं बरोबर नाही आणि तशी गरजही नाही. मी माझ्या मुलांना पंधरा मिनिटं सांगतो, आणि मिनिटांपेक्षाही एक खूण सांगतो, गेल्या पाच मिनिटांत कागदावर काही नवीन आलं का? नवीन म्हणजे बरोबरच असं नाही. एखादं बल दुसऱ्या दिशेने काढून बघितलं, दुसऱ्या बिंदूभोवती मोमेंट घेऊन बघितला, एक अज्ञात संख्या शून्य धरून बघितली, काहीही. येत असेल तर बसा, वीस मिनिटं झाली तरी बसा, ती वाया जात नाहीत. आणि पाच मिनिटं तेच समीकरण परत परत गिरवलं जात असेल किंवा नुसतं चित्राकडे बघणं चालू असेल तर आता झगडा संपला, आता मदत घ्या. तिथे हट्टाने बसून राहण्यात काही कमाई नाही.

मदत घ्यायची पण एक पद्धत आहे आणि ही मी सगळ्यात जास्त आग्रहाने सांगतो. सोल्युशनवर एक कोरा कागद ठेवायचा आणि वरून एक एक ओळ उघडायची. पहिली ओळ वाचली, ती आपल्याकडे आहे, पुढे. दुसरी ओळ, आहे. तिसऱ्या ओळीला आपल्यात आणि त्याच्यात फरक पडला, बास, तिथे थांबायचं, कागद परत वर सरकवायचा आणि तेवढ्या एका सुगाव्यावर पुढचं स्वतः करायचं. बहुतेक वेळा एवढं पुरतं, कारण माणूस सहसा एकाच जागी अडकलेला असतो आणि पूर्ण सोल्युशन वाचलं की ती जागा कुठली होती हेच कळत नाही. आणि ज्या ओळीला अडकलो ती समासात लाल पेनने लिहून ठेवायची, आकडे नाही, कारण. 'घर्षण मर्यादेला पोचलंय असं धरलं, पोचलेलं नव्हतं.' 'वजनाचं अंतर शिडीच्या लांबीवर घेतलं, आडवं घ्यायला हवं होतं.' पीएलला, परीक्षेआधीच्या सुट्टीत, सगळी वही वाचायची गरज पडत नाही, लाल ओळी वाचल्या की झालं. दुसऱ्या दिवशी तोच प्रॉब्लेम कोऱ्या कागदावर परत करायचा, आता सात-आठ मिनिटांत होतो.

शिडीचाच पुढचा भाग घेऊन दाखवतो, म्हणजे सोल्युशन वाचण्यात काय हातातून जातं ते कळेल. आता ६०० न्यूटनचा माणूस शिडी चढतोय, कुठपर्यंत चढला की शिडी घसरेल? हा पेपरला हमखास येणारा टाइप. इथे मात्र घसरायचा क्षण विचारलाय म्हणून आता मर्यादा वापरायची, जमिनीची रिअ‍ॅक्शन ८००, घर्षण जास्तीत जास्त ३२०, भिंतीची रिअ‍ॅक्शनही ३२०. पायाभोवती मोमेंट, ४ × ३२० = ३०० + ६००x, x म्हणजे माणसाचं पायापासून आडवं अंतर. x आलं १.६३ मीटर, शिडीवरून मोजलं तर २.७२ मीटर, अर्ध्याच्या थोडंसं वर. सोल्युशनमध्ये हे चार ओळींत संपतं, मुलगा टिकमार्क करून पुढे जातो.

जो स्वतः करतो त्याच्या मनात मधेच प्रश्न येतात. मोमेंट पायाभोवतीच का घेतला, वरच्या टोकाभोवती का नाही? घेऊन बघतो, उत्तर तेच येतं, १.६३, पण N आणि F दोन्ही समीकरणात घुसतात आणि काम वाढतं, मग कळतं की पायाभोवती घेतल्याने ती दोन्ही एकदम गळून पडत होती. सोल्युशनमध्ये 'टेकिंग मोमेंट्स अबाउट ए' एवढंच लिहिलेलं असतं, का ते कुणी लिहीत नाही, आणि पेपरमध्ये चित्र जरा फिरवून दिलं, शिडीच्या जागी दोन ब्लॉक्सवर ठेवलेली पट्टी दिली, की बिंदू निवडायचा कसा हेच सुचत नाही.

आणि मग एखादा विचारतो, माणूस जाड असेल तर लवकर घसरेल ना? वर्गात हा प्रश्न विचार, जवळपास सगळे हो म्हणतील. आता वजन W ठेवून तेच समीकरण लिहू दे, ४ × ०.४ × (२०० + W) = ३०० + Wx. सोडवलं की x = १.६ + २०/W. ३०० न्यूटनच्या पोराला १.६७ मीटर, ९०० न्यूटनच्या माणसाला १.६२. तीनपट वजन आणि फरक पाच सेंटिमीटरचाही नाही! कारण जड माणूस शिडीला बाहेर ढकलतो जास्त, पण जमिनीवर दाबतोही तेवढाच जास्त, दाब वाढला की घर्षणाची मर्यादाही वाढते. हे माझ्या एका विद्यार्थिनीने ट्युटोरियलला स्वतः काढलं होतं, तिला वाटलं आपलं काहीतरी चुकलं, तीन वेळा खोडून परत केलं, शेवटचा बेंच, तास संपून वर्ग रिकामा झाला होता आणि ती अजून कागदावर मान घालून बसलेली. मी शेजारी बसलो, दोघांनी मिळून तपासलं, बरोबर होतं. तो चेहरा मला अजून आठवतो. सोडवलेल्या फाइलमधून हे तिला कधीच मिळालं नसतं, कारण फाइलमध्ये ६०० लिहिलं होतं आणि ६००चं उत्तर मिळालं की तिथे गोष्ट संपत होती.

'पेपरला तेच टाइप येतात' याला तू काय उत्तर द्यायचंस? येतात, खरंय, खोटं बोलू नकोस. पण टाइप तोच असतो, आकडे आणि चित्र बदललेलं असतं, आणि बदललेल्या चित्राला हात घालता येतो का हा प्रश्न आहे. शिवाय वाचून आलेला आत्मविश्वास फार लवकर उतरतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोघांनी २००६ साली कॉलेजच्या मुलांवर केलेला एक प्रयोग आहे, उतारे दिले, काहींनी ते परत वाचले, काहींनी न बघता आठवून लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर परत वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. तो प्रयोग उताऱ्यांवरचा आहे, गणितावरचा नाही, तरी ज्याने रात्री दोन वाजता फाइल वाचून 'सगळं येतंय' म्हणून झोप काढलीय आणि सकाळी पेपर हातात आल्यावर घाम फुटलाय त्याला तो लगेच पटतो. तुलाही पटेल.

तपासायची सोपी पद्धत त्यांना दे. वाचून समजलं असं वाटलं ना, मग पुस्तक बंद करून नुसता एफबीडी काढ, आकडे न घालता. सगळी बलं, दिशेसकट. शिडीत चार आहेत, माणूस धरून पाच. एक जरी राहिलं किंवा उलटं आलं तर समजलेलं नाही. याला दोन मिनिटं लागतात, त्यामुळे वेळ नाही म्हणायची सोय राहत नाही. आणि ज्या दिवशी खरंच दमलेले असाल त्या दिवशी पाच प्रॉब्लेम वाचण्यापेक्षा पाच प्रॉब्लेमचे नुसते एफबीडी काढा, माझ्या मते मेकॅनिक्सचं निम्मं काम तिथेच होतं.

आता तुझ्या फाइल्सचं. मला वाटतं तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच होती, आणि तू ती शेवटी घाईघाईत लिहिलीस. ज्युनियर आळशी आहेत असं आपण धरून चाललो की भाषण द्यावंसं वाटतं. पण त्यांच्या बाजूने बघ, रात्री साडेदहाला असाइनमेंट उद्या द्यायचीय आणि ग्रुपवर पूर्ण सोडवलेली फाइल पडलेली आहे, अशा वेळी पंधरा मिनिटं झगडायला संतासारखा संयम लागेल. तेव्हा भाषणाच्या आधी व्यवस्था बदल, ती तुझ्या हातात आहे. फाइल टाकू नकोस असं मी म्हणत नाही. असाइनमेंट मिळाली त्या दिवशी फक्त शेवटची उत्तरं टाक, प्रश्न १ चं ७५ न्यूटन, प्रश्न २ चं २.७२ मीटर, बाकी काही नाही. उत्तर माहीत असलं की आपण चुकलोय हे लगेच कळतं, पण कसं ते शोधावं लागतं, आणि ज्याला वेळ कमी आहे त्याचा चुकीच्या रस्त्यावर तासभर जात नाही. दोन दिवसांनी प्रत्येक प्रश्नाला एक सुगावा टाक, एकच ओळ, 'घर्षण मर्यादेला पोचलंय का ते आधी ठरवा.' सबमिशनच्या आदल्या दिवशी पूर्ण सोल्युशन टाक, कारण झगडून झाल्यावर नीट सोल्युशन बघायला मिळालंच पाहिजे, नाहीतर चुकीची पद्धतच डोक्यात पक्की होते. काही मुलं दुसरीकडून फाइल मिळवतील, मिळवू देत, तू सगळ्यांना बांधून ठेवू शकत नाहीस. जी मुलं काठावर आहेत त्यांच्यासाठी हे आहे.

बोलशील तेव्हा माझी भाषा वापरू नकोस, तुझी वापर, पण अंदाज यावा म्हणून लिहितो. शिडीचे हात वर करून झाले, ८०वाले किती, ७५वाले किती ते फळ्यावर लिहिलं, आणि मग तू असं काहीतरी बोल:

"मी फर्स्ट इयरला ८० लिहिलं होतं. पेपरमध्ये. कारण मी हा प्रॉब्लेम आधी चार वेळा वाचला होता, सोडवला एकदाही नव्हता. मला मेकॅनिक्सला केटी लागली. दुसऱ्या वेळी मी फाइल बंद करून बसले, पहिले आठ दिवस काहीच जमत नव्हतं, एका दिवसात दोनच प्रॉब्लेम व्हायचे, पण ते दोन माझे असायचे. तुम्ही सगळंच स्वतः करा असं मी म्हणत नाहीये. नवीन चॅप्टरचं पहिलं उदाहरण वाचा, मीही वाचते. पण त्याच्यापुढे पंधरा मिनिटं द्या, कागदावर काहीतरी येऊ द्या, चुकीचं आलं तरी चालेल. मग सोल्युशनवर कागद ठेवून एक एक ओळ उघडा. आणि जिथे अडकलात ते लाल पेनने लिहा. ग्रुपवर आजपासून मी आधी फक्त उत्तरं टाकणार आहे, सोल्युशन सबमिशनच्या आदल्या दिवशी. कुणाला राग आला तर मला येऊन बोला, मी कॅन्टीनला असते."

यातलं जे तुझ्या बाबतीत खरं नसेल ते काढून टाक, आठ दिवस नसतील तर आठ म्हणू नकोस, ८० नाही लिहिलं तर जे लिहिलं ते सांग. वाचून बघ, दोन मिनिटांच्या आत होतं. शिडीला चार मिनिटं गेली, उरलेली चार मिनिटं प्रश्नांना ठेव, आणि कुणी विचारलंच की 'ताई, मग तुमचे आता किती पॉइंटर आहेत' तर जे आहेत ते सांगून टाक.

गणिताला, प्रोग्रामिंगला, अकाउंट्सला हेच लागू होतं का असं मला इतर वाचक विचारतात म्हणून एवढंच सांगतो, अडकायची जागा प्रत्येक विषयात वेगळी असते. अकाउंट्सच्या मुलांना समजा टॅली न होणारा बॅलन्सशीट देता येईल, प्रोग्रामिंगच्या मुलांना एका पावलाने जास्त फिरणारा लूप. ज्याला बोलायचंय त्याने आपल्या विषयातली 'पंच्याहत्तर का ऐंशी' ही जागा आधी शोधावी आणि तीच घेऊन जावी, सोल्युशनवर कागद ठेवायची पद्धत मात्र तीच राहते.

आणि एक लक्षात ठेव. फळ्यावर शिडीचं चित्र काढशील ते व्यवस्थित पट्टीने काढ, ३, ४, ५ लिही, पण बलं काढू नकोस. चार मिनिटं झाल्यावर कुणीतरी उठून बाण काढेल, चुकीचा काढला तर तू पुसू नकोस, वर्गाला विचार. आणि निघताना माणूसवाला दुसरा प्रश्न खाली लिहून ये, शेजारी फक्त २.७२ मीटर. मुलं फळ्याचा फोटो काढतातच, त्या फोटोत सोल्युशन नसू दे.